दोनदा बदलूनही गळणारा वॉटर पंप: खोक्यावरील होलोग्रामपासून ओतीव खुणांपर्यंतची तपासणी

आमच्या इमारतीत, घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला, राहणाऱ्या एका वहिनींच्या २०१६ सालच्या पेट्रोल हॅचबॅकचा वॉटर पंप चौदा महिन्यांत तीनदा गळला. गाडीबरोबर कारखान्यातून आलेला मूळ पंप ८८,००० किलोमीटरनंतर, म्हणजे सप्टेंबर २०२३ मध्ये, बदलला. त्या वयाच्या पंपाने गळावे यात नवल नाही. पण त्याच्या जागी बसवलेला नवा पंप ६,००० किलोमीटरमध्ये, मे २०२४ मध्ये, गेला आणि त्यानंतरचा जेमतेम ४,५०० किलोमीटर टिकला. लक्षणे दोन्ही वेळा सारखीच होती. कूलंटच्या टाकीतील पातळी आठवड्याला बोटभर उतरत असे, पंपाच्या अंगावर गुलाबी पांढरट ओघळ वाळलेला दिसे आणि गायमुखच्या चढावर वाहने मुंगीच्या पावलांनी सरकत असताना तापमानाचा काटा वर जाई. पूर्व द्रुतगती मार्गावर मात्र गाडी कितीही पळवली तरी काटा जागेवरच असे.

मेकॅनिकने दोन्ही वेळा पंप बसवण्याआधी खोक्याचे छायाचित्र वहिनींना पाठवले होते आणि खाली लिहिले होते, "ओरिजिनल आहे, होलोग्राम बघून घ्या." तिसऱ्या गळतीनंतर वहिनींनी ती सगळी छायाचित्रे माझ्याकडे पाठवली, कारण रबाळे एमआयडीसीत ॲल्युमिनियमच्या डाय कास्टिंग कारखान्यात तपासणी विभागात माझी एकोणीस वर्षे गेली आहेत. मी मेकॅनिक नाही. इंजिनातले मला बेताचेच कळते. परंतु ओतलेला तुकडा कोणत्या साच्यातून आणि कोणत्या रीतीने बाहेर आला आहे, हे त्याच्या अंगावरून वाचणे हेच माझे काम होते.

आधी पंपावरचा संशय बाजूला ठेवून

पंप वारंवार गळतो म्हणून तो बनावटच असला पाहिजे, असे समजणे चुकीचे आहे. अस्सल पंपसुद्धा काही महिन्यांत मारता येतो. कूलंटऐवजी नुसते नळाचे पाणी भरले, तर गंज रोखणारे रसायन मिळत नाही आणि पंपाच्या आतील सीलच्या घासणाऱ्या दोन चकत्यांवर क्षार साचून त्या कोरल्या जातात. पट्टा प्रमाणाबाहेर ताणला तर बेअरिंग झिजते, दांडा किंचित डोलू लागतो आणि त्याच्यामागोमाग सील जाते. रिकाम्या यंत्रणेत कूलंट भरण्याआधी इंजिन मिनिटभर जरी फिरवले, तरी कोरडे सील तापून तडकू शकते.

म्हणून मेकॅनिकला मी प्रथम या गोष्टी विचारल्या. कूलंट अर्धे आणि डिस्टिल्ड पाणी अर्धे, असे मिश्रण दोन्ही वेळा भरले होते. रेडिएटरचे झाकण नवे होते, पंखा ठरलेल्या तापमानाला सुरू होत होता आणि यंत्रणेत हवेचा दाब भरून पाहिल्यावर गळती एकाच ठिकाणी दिसत होती: पंपाच्या पोटाखाली जे बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते, त्या वीप होलमधून. हे भोक म्हणजे सील गेल्याची पावती. सीलमधून निसटलेले कूलंट बेअरिंगकडे न जाता तिथून बाहेर पडावे, यासाठीच ते असते. नवा पंप बसवल्यावर सील बसेपर्यंत पहिल्या काही दिवसांत तिथे एखादा थेंब दिसला तर घाबरू नये. इथे मात्र ओघळ होता. तेव्हा दोष पंपातच आहे, एवढे ठरले. तो दोष नकली मालाचा आहे की एखाद्या अस्सल खेपेतला, हे ठरवायचे होते.

होलोग्रामचे छायाचित्र काहीच सिद्ध करत नाही

मेकॅनिकने पाठवलेल्या पहिल्या खोक्याच्या छायाचित्रात कोपऱ्यात एक चकाकणारा चौकोन होता. खोके सुदैवाने गॅरेजच्या माळ्यावर पडून होते, म्हणून प्रत्यक्ष पाहता आले. अन्यथा त्या छायाचित्रावरून मी काहीही सांगू शकलो नसतो. होलोग्रामचे सगळे सामर्थ्य तो कलल्यावर बदलण्यात आहे. प्रकाश एका कोनातून आला की एक चित्र, दुसऱ्या कोनातून आला की दुसरे, किंवा पुढची अक्षरे आणि मागची नक्षी एकमेकांवरून सरकल्यासारखी दिसणे, हे खरे लक्षण. स्थिर छायाचित्रात यांपैकी एकच क्षण पकडला जातो आणि त्या एका क्षणात साधा चंदेरी कागदसुद्धा होलोग्रामसारखाच दिसतो.

म्हणून दुकानदाराकडून किंवा मेकॅनिककडून छायाचित्र न मागता दहा सेकंदांची चित्रफीत मागावी. खोलीतील ट्यूबलाइट बंद करून, एकाच बाजूने दुसऱ्या फोनचा टॉर्च धरून, खोके आधी डावीकडे उजवीकडे आणि मग वर खाली सावकाश कलवायला सांगावे. ट्यूबलाइटचा पसरट उजेड होलोग्राममधील चित्र पुसट करतो, त्यामुळे खरा होलोग्रामही खोटा वाटण्याचा धोका असतो. पहिले खोके मी असे कलवले, तेव्हा इंद्रधनुष्याचे पट्टे सगळ्या चौकोनावरून सारख्याच वेगाने धावत गेले आणि त्यावरचे चिन्ह मात्र जागचे हलले नाही, कारण ते चिन्ह त्या चमकत्या कागदावर शाईने छापलेले होते. कोपरा नखाने उचलला तर वहीवरच्या नावाच्या चिठ्ठीसारखा तो अख्खा निघून आला. उघडल्याचे कळावे म्हणून लावलेला होलोग्राम असा निघत नाही. त्याचा चमकता थर फाटतो किंवा खाली जाळीदार ठसा सोडून जातो.

इथपर्यंत सरळ होते. अडचण दुसऱ्या खोक्यापाशी आली, कारण त्याचा होलोग्राम खरा होता. कलवल्यावर दोन चित्रे दिसत होती, क्यूआर कोड वाचल्यावर भागाचे नाव बरोबर येत होते, लेबलावर निर्मात्याचे नाव, पत्ता, सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत, महिना, वर्ष आणि ग्राहक सेवेचा क्रमांक हे सारे कायद्याला हवे तसे छापलेले होते. हा पंप वहिनींच्या मुलाने ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवला होता आणि विक्रीच्या पानावरची छायाचित्रेही निर्दोष होती. ती छायाचित्रे एखाद्या अस्सल पंपाची असणार यात मला शंका नाही. प्रश्न इतकाच, की घरी आला तो पंप त्या छायाचित्रातला होता काय.

खोके नीट न्याहाळल्यावर दोन गोष्टी खटकल्या. झाकणाच्या घडीवरचा छापील रंग उडून तिथे पांढरी रेघ पडली होती, म्हणजे ते झाकण एकदा नव्हे तर अनेकदा उघडमीट झालेले होते. आणि आतल्या पुठ्ठ्यावर ग्रीसचा जो गोल डाग होता, तो या पंपाच्या पुलीच्या जागेशी जुळत नव्हता. होलोग्राम लेबलाच्या बाजूला होता, झाकणाच्या फटीवर नव्हता, त्यामुळे खोके उघडताना त्याला धक्काही लागत नव्हता. लेबलावरचा महिना होता फेब्रुवारी २०२४. ही तारीख पुढे कामी आली.

पंपाची छायाचित्रे कशी काढली

ओतीव खुणा वाचायच्या तर छायाचित्र त्यासाठीच काढावे लागते. गॅरेजमध्ये घाईने फ्लॅश मारून काढलेल्या छायाचित्रात सगळे अंग सपाट पांढरे दिसते आणि अक्षरांची खोली नाहीशी होते. दोन्ही पंप आम्ही रॉकेल आणि मऊ ब्रशने धुतले. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर कटाक्षाने टाळला, कारण ज्या ओरखड्यांवरून निष्कर्ष काढायचा ते आपणच निर्माण करण्यात अर्थ नाही. फ्लॅश बंद ठेवला आणि टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून, अगदी आडवा धरला, म्हणजे प्रत्येक उंचवट्याची सावली लांब पडते. एकच जागा चारही बाजूंनी उजेड टाकून चार वेळा टिपली.

व्हॉट्सॲपवर ही छायाचित्रे साधी पाठवू नयेत, डॉक्युमेंट म्हणून पाठवावीत. साध्या पाठवणीत छायाचित्र आकुंचन पावते आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात, आणि बोथट कडा हेच तर नकली ओतकामाचे पहिले लक्षण आहे. असे झाले तर अस्सल पंपावर नाहक आळ येतो. माझ्याकडून एकदा ही चूक झाली आहे आणि एका प्रामाणिक दुकानदाराची मला माफी मागावी लागली आहे.

तुलनेसाठी आमच्याकडे एक मोलाची वस्तू होती. ८८,००० किलोमीटर चाललेला मूळ पंप वहिनींनी फेकला नव्हता. तो डिकीत स्टेपनीशेजारी कापडात गुंडाळून पडला होता. गळका असला तरी त्याचे ओतीव अंग खरे होते आणि पुढचा सगळा पडताळा त्याच्यामुळेच शक्य झाला.

अक्षरे, घड्याळ आणि एक टवका

पंपाचे ॲल्युमिनियमचे अंग मोठ्या प्रमाणावर बनते ते प्रेशर डाय कास्टिंगने. वितळलेला धातू पोलादी साच्यात प्रचंड दाबाने घुसवला जातो, त्यामुळे त्याची त्वचा गुळगुळीत निघते, साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथली रेघ बारीक असते आणि तुकडा साच्याबाहेर ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे ठरावीक जागी, धारदार काठाचे उमटतात. क्रमांक आणि चिन्ह साच्यात कोरलेले असतात, म्हणून तुकड्यावर ते उठावदार येतात. लोक सर्रास "कोरलेला पार्ट नंबर" म्हणतात, पण ओतीव भागावरचा मुख्य क्रमांक बहुधा कोरलेला नसतो, उठलेला असतो. कोरलेला किंवा टिंबाटिंबांनी ठोकलेला असतो तो खेपेचा क्रमांक, आणि तो ओतकाम झाल्यावर घातला जातो. या दोहोंतला फरक लक्षात ठेवला तर अर्धे काम झाले.

नकली माल करणारा सहसा स्वतःचा पोलादी डाय बनवत नाही, कारण तो महाग असतो आणि शेकड्यांनी विकल्या जाणाऱ्या मालासाठी तो खर्च परवडत नाही. तो अस्सल पंपालाच नमुना मानून वाळूत किंवा साध्या साच्यात त्याचा ठसा घेतो आणि त्यात धातू ओततो. त्यामुळे तीन गोष्टी अपरिहार्यपणे घडतात. वाळूच्या कणांची खडबड त्वचेवर उमटते, जी लपवण्यासाठी वरून चंदेरी रंग मारला जातो. उठावदार अक्षरांच्या कडा वितळलेल्या साबणासारख्या गोल होतात, विशेषतः ८ आणि ६ या आकड्यांची पोटे भरून येतात. तिसरी गोष्ट अशी, की थंड होताना ॲल्युमिनियम आकसते, आणि अस्सल डाय बनवताना हे आकसणे धरून साचा मोठा केलेला असला तरी, आधीच आकसलेल्या तुकड्याचा ठसा घेणाऱ्याचा माल दुसऱ्यांदा आकसतो. हे दुसरे आकसणे साधारण एक टक्क्याच्या आसपास असते.

आमच्या तीन पंपांवर ते मोजता आले. बोल्टची भोके मोजून उपयोग नसतो, कारण ती नंतर ड्रिलने पाडलेली असतात आणि नकली पंपातही ती बरोबर जागी पाडावीच लागतात, नाहीतर पंप बसणारच नाही. यंत्राचा हात न लागलेल्या दोन फासळ्यांमधले अंतर मी व्हर्नियरने मोजले. मूळ पंपात ते ६२ मिलिमीटर होते. नंतरच्या दोन्ही पंपांत ६१.३ आणि ६१.४. व्हर्नियर नसेल तर पोलादी पट्टी फासळ्यांच्या उंचीलाच धरून, मीटरभर दूर उभे राहून झूम करून छायाचित्र काढावे. जवळून काढले तर पट्टी आणि पृष्ठभाग यांतील अंतरामुळे मोजणी फसते.

यापेक्षा बोलकी होती तारखेची खूण. साच्यात बसवलेली एक छोटी गोल चकती तुकड्यावर घड्याळासारखा ठसा उमटवते: कडेने १ ते १२ हे आकडे, मध्ये वर्षाचे दोन अंक आणि महिन्याकडे रोखलेला बाण. महिना बदलला की कारखान्यात कोणीतरी पेचकसाने तो बाण फिरवतो. रबाळ्याला हे काम कितीतरी वर्षे माझ्याच देखरेखीखाली होत असे, आणि बाण फिरवायचे विसरल्याबद्दल खाल्लेली बोलणीही स्मरणात आहेत. वहिनींच्या मूळ पंपावर बाण ३ कडे होता आणि मध्ये १६ हे अंक. गाडीची नोंदणी त्यानंतर थोड्याच महिन्यांनी झालेली, म्हणजे हिशेब जुळतो. नंतरच्या दोन्ही पंपांवर मात्र बाण ११ कडे आणि मध्ये १७. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओतलेला पंप फेब्रुवारी २०२४ च्या खोक्यात. ओतणे, यंत्रकाम, जुळणी आणि गोदाम यांत काही महिने सहज जातात, एखादा मंद खपाचा भाग वर्षभरही पडून राहतो, पण सहा वर्षांहून अधिक हे पटण्यासारखे नव्हते.

तरीही केवळ यावर मी नकली असा शिक्का मारला नसता. दोन पंप योगायोगाने एकाच जुन्या खेपेतले असू शकतात आणि दोघांवर साच्यातल्या घराचा क्रमांक, आमच्या भाषेत कॅव्हिटी नंबर, सारखा असणेही अशक्य नाही. निकाल लागला तो त्या क्रमांकाशेजारच्या एका टवक्यावरून. तिथे चंद्रकोरीच्या आकाराचा, तांदळाच्या दाण्याएवढा खळगा होता, आणि त्याचा एक काठ किंचित वर उचललेला होता. दोन्ही पंपांवर तो त्याच जागी, त्याच आकाराचा, त्याच दिशेने वळलेला होता.

साचा जुना झाला की त्याला चिरा पडतात आणि त्यांत धातू शिरून तुकड्यावर उंच शिरा उमटतात. साच्याचे असे व्यंग प्रत्येक तुकड्यावर येणे स्वाभाविक आहे. पण काठ उचललेला खळगा हा साच्याचा दोष नसतो. ओतून झालेला तुकडा कशावर तरी आपटला, ट्रॉलीत दुसऱ्या तुकड्याचा कोपरा त्याला लागला, की मऊ धातू दबतो आणि बाजूला फुगवटा येतो. असा अपघात प्रत्येक तुकड्याचा वेगळा असतो. आठ महिन्यांच्या अंतराने, एक गॅरेजमार्फत आणि एक ऑनलाइन घेतलेल्या दोन पंपांना एकाच जागी एकसारखी ठेच लागण्याचे दुसरे स्पष्टीकरण नाही. ज्या एका अस्सल पंपाचा ठसा घेतला गेला, त्याला ती ठेच लागलेली होती.

खेपेच्या क्रमांकाबाबत दोन पंपांत फरक होता आणि तो मला रंजक वाटला. पहिल्यावर टिंबांनी ठोकलेला क्रमांक दिसत होता, पण प्रत्येक टिंबाच्या तळाशी भोवतीच्या अंगासारखीच मळकट, दाणेदार त्वचा होती. खरे ठोकलेले टिंब त्वचा फोडते आणि नव्या तुकड्यावर त्याचा तळ चमकतो. म्हणजे क्रमांकसुद्धा नमुन्यासकट ओतला गेला होता. दुसऱ्या पंपावर ती जागा घासून सपाट केली होती आणि वर लेझरने सुबक क्रमांक कोरला होता. माल करणाऱ्याने मधल्या काळात सुधारणा केली होती. टवका मात्र त्याच्या नजरेतून सुटला.

गाडी चढावरच का तापत होती

वाळूत ओतलेल्या अंगात वायूचे बुडबुडे अडकतात. गॅस्केटच्या घासलेल्या सपाट पृष्ठभागावर आडवा टॉर्च टाकल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसली. सील जिथे दाबून बसवतात त्या गोल घराची आतली बाजूही अशीच सच्छिद्र असेल तर कूलंट सीलच्या मधून नव्हे, त्याच्या बाहेरच्या कडेने झिरपते आणि शेवटी वीप होलमधूनच बाहेर येते. आमच्या दुसऱ्या पंपात तसेच झाले होते. सील काढल्यावर घराच्या भिंतीवर गुलाबी रेघा होत्या.

तापण्याचे कारण पंपाच्या आतल्या पंख्यात, म्हणजे कूलंट ढकलणाऱ्या इम्पेलरमध्ये होते. इम्पेलर आणि समोरची भिंत यांत फट जेमतेम मिलिमीटरभर असावी लागते. फट वाढली की कूलंट पुढे न जाता पात्यांवरून मागे वळते. मेकॅनिकने मुलांच्या खेळण्यातली माती पात्यांवर लावून, पंप बसवून, पुन्हा काढून मातीची उरलेली जाडी मोजली. ती दोन मिलिमीटरपेक्षा थोडी जास्तच भरली. इंजिन जोरात फिरत असताना पंप ही उणीव वेगाने भरून काढतो, म्हणून द्रुतगती मार्गावर काटा शांत. पहिल्या गिअरमध्ये सरकताना पंपाचे फेरे कमी आणि इंजिनावर चढाचा भार, म्हणून गायमुखला काटा वर. मेकॅनिक त्यावर म्हणाला, "काका, मी इतके दिवस रेडिएटरच्या पंख्याच्या रिलेला शिव्या घालत होतो."

कशावरून नकली म्हणू नये

यंत्रभाग पाहणाऱ्या मंडळींमध्ये काही समजुती रूढ आहेत आणि त्यांच्यामुळे चांगला माल परत जातो. सर्वांत मोठी म्हणजे अंगावरचे वाहन कंपनीचे चिन्ह घासून काढलेले दिसले की माल नकली. वाहन कंपनीला पंप पुरवणारा कारखाना तोच पंप स्वतःच्या नावाने खुल्या बाजारात विकतो, तेव्हा वाहन कंपनीचे चिन्ह वापरण्याचा हक्क त्याला नसतो, म्हणून तो ते घासतो. अशा तुकड्यावर घासलेली जागा सोडून बाकीची अक्षरे धारदार, घड्याळ ताजे आणि खोके त्या कारखान्याच्या नावाचे असते. तो माल चांगला असतो आणि पुष्कळदा स्वस्तही पडतो. याउलट खोके वाहन कंपनीचे आणि आतल्या पंपावरचे चिन्ह मात्र घासलेले, असे दिसले तर जरूर थांबावे.

दुसरी समजूत अशी, की अंगावरचा क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी तंतोतंत जुळलाच पाहिजे. अंगावरचा उठावदार क्रमांक पुष्कळदा केवळ ओतीव अंगाचा असतो. त्याच अंगावर वेगवेगळे यंत्रकाम करून दोन इंजिनांचे दोन पंप बनू शकतात आणि खोक्यावर तयार पंपाचा क्रमांक छापलेला असतो. शिवाय रचनेत बारीकसा बदल झाला की शेवटचे अक्षर बदलते. म्हणून क्रमांक जुळवायचा तो खोक्याशी नव्हे, जुन्या अस्सल तुकड्यावरच्या त्याच जागच्या क्रमांकाशी.

एक मर्यादा मान्य करायला हवी. कोणी त्रिमितीय स्कॅनरने मोजून, आकसणे धरून, खरा पोलादी डाय बनवला, तर अक्षरे धारदार येतील, मापे जुळतील आणि छायाचित्रावरून फारसे काही कळणार नाही. सील आणि बेअरिंग तर आत दडलेली असतात. त्यांचा दर्जा कोणतेही छायाचित्र दाखवत नाही.

पुढे काय केले

नवा पंप वहिनींनी वाहन कंपनीच्या अधिकृत काउंटरवरून, पक्क्या बिलावर घेतला आणि बसवण्याआधी मेकॅनिकने घड्याळ, कॅव्हिटी नंबर, खेपेचा क्रमांक आणि गॅस्केटचा पृष्ठभाग यांची चार छायाचित्रे डॉक्युमेंट म्हणून पाठवली. फासळ्यांमधले अंतर ६२ मिलिमीटर भरले, ठोकलेल्या टिंबांचे तळ चमकत होते आणि घड्याळातला महिना खोक्यावरच्या महिन्याच्या पाच महिने आधीचा होता. मातीची चाचणीही पुन्हा केली. या वेळी जाडी मिलिमीटरच्या आत राहिली. त्यानंतर पट्टा नवा घातला, कूलंट भरून हवा काढली आणि मगच इंजिन सुरू केले. पंप बसवल्यापासून गाडी ११,००० किलोमीटर चालली आहे आणि टाकीतील पातळी खुणेवरून हललेली नाही.

पहिल्या पंपाचे बिलच नव्हते, त्यामुळे तो खर्च गेला. दुसऱ्याचे बिल होते. ऑनलाइन विक्रेत्याने आधी "परत करण्याची मुदत संपली" असे उत्तर दिले; तेव्हा टवक्याची दोन छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून, घड्याळ आणि खोक्यावरची तारीख दाखवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पंपाची किंमत परत मिळाली, मजुरी आणि वाया गेलेले कूलंट मिळाले नाही. नकली पंप विक्रेत्याकडे परत पाठवू नका, असा आग्रह मी धरला होता, कारण तो पुन्हा दुसऱ्या कोणाच्या तरी खोक्यात जाऊन बसला असता. छायाचित्रांवरच त्यांनी समाधान मानले.

खऱ्या होलोग्रामचे ते खोके नकली पंपापर्यंत कसे पोहोचले असावे, याचा उलगडा नंतर मेकॅनिकनेच केला. महिन्यातून एकदा एक मुलगा त्याच्या गॅरेजवर येतो आणि अधिकृत भागांची रिकामी खोकी मागतो. बाकीचा पुठ्ठा तो किलोने रद्दीच्या भावात घेतो, पण लेबल न फाटलेल्या खोक्याला नगाला वीस रुपये देतो. एवढे पैसे कशाचे, हे आजवर कोणी विचारले नव्हते. आता पंप खोक्यातून काढला की मेकॅनिक ब्लेडने होलोग्राम आणि क्यूआर कोडवरून दोन तिरक्या रेघा ओढतो. मागच्या महिन्यात तो मुलगा खोकी उलटसुलट करून पाहून, एकही न घेता निघून गेला.